डब्यात काय सुधारायचं ते कसं ठरवावं: एकाच गोष्टीबद्दल दोन प्रश्न

«गोरेगावला आमचा घरगुती डब्याचा व्यवसाय आहे, सासूबाई आणि मी मिळून चालवतो. रोज सव्वाशे डबे जातात. यंदा सुधारणेसाठी ८० हजार रुपये बाजूला काढलेत. स्टीलचे गरम राहणारे डबे घ्यायचे, शुक्रवारी गोड द्यायचं, की पोचवायला आणखी एक मुलगा ठेवायचा? गिऱ्हाइकांना विचारलं तर सगळ्यांना सगळंच हवं. गिऱ्हाइकाला कशाने काय वाटतं यावरून गोष्टींची वाटणी करणाऱ्या कानो मॉडेलचे तीन कप्पे आखले, पण कुठली गोष्ट कुठल्या कप्प्यात यावर घरातच एकमत होत नाही. तुम्ही कसं ठरवता?»

घरात एकमत होत नाही हे साहजिक आहे, कारण हे कप्पे घरात बसून भरायचेच नसतात. «वेळेवर डबा» किंवा «शुक्रवारचं गोड» यांचा स्वतःचा असा कप्पा नसतो. ती गोष्ट मिळाली तर एखाद्या माणसाला काय वाटतं आणि नाही मिळाली तर काय वाटतं, यावरून कप्पा ठरतो. माणूस बदलला की कप्पा बदलतो, दिवस पावसाचा असला तरी बदलतो. त्यामुळे तुम्ही म्हणता ते खरं की सासूबाई म्हणतात ते, हा वाद घरात सुटणार नाही. तो गिऱ्हाइकाकडे जाऊनच सुटेल, फक्त विचारायची पद्धत बदलावी लागेल.

मी गेली १९ वर्षं खाद्यपदार्थ आणि घरगुती उपकरणं करणाऱ्यांसाठी गिऱ्हाइकांचा अभ्यास करते. डब्याचंही एक काम केलंय, पार्ल्यातल्या एका पोळी-भाजी केंद्रासाठी. तुमचं चित्र त्याच्याशी बरंच जुळतं, म्हणून त्याच्याच आधाराने सांगते. तिथले आकडे तुमचे म्हणून धरू नका. पद्धत तेवढी घ्या.

आधी मूळ कल्पना थोडक्यात. नोरिआकी कानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली जपानमध्ये ही मांडणी केली. तोवर साधारण समज असा होता की वस्तू जितकी चांगली तितका गिऱ्हाईक खूश, आणि जितकी वाईट तितका नाराज, म्हणजे सगळं एकाच काट्यावर. कानो यांचं म्हणणं होतं की काही गोष्टी असल्या तर कुणी खूश होत नाही, पण नसल्या की माणूस भडकतो. त्यांना मी «गृहीत» म्हणते. काही गोष्टी जितक्या जास्त तितकं बरं आणि जितक्या कमी तितकं वाईट, त्या «जितकं-तितकं». आणि काही गोष्टी नसल्या तर कुणाच्या लक्षातही येत नाही, पण मिळाल्या की माणूस दुसऱ्याला सांगतो. त्या «अवचित». चौथाही एक ढीग असतो, कुणालाच फरक न पडणाऱ्या गोष्टींचा, आणि पैसे वाया जातात ते बहुधा तिथेच.

आता तुम्ही विचारलंत तेव्हा सगळ्यांनी सगळं का मागितलं, ते बघा. «काय हवं?» असं विचारलं की माणूस बहुतेक «जितकं-तितकं» मधल्या गोष्टी सांगतो, म्हणजे भाजी थोडी जास्त, पोळ्या मऊ, दर कमी. गृहीत गोष्ट तो बोलत नाही, कारण ती मागायची असते हेच त्याच्या डोक्यात येत नाही. अवचित गोष्टीची त्याने कल्पनाच केलेली नसते. आणि तुम्ही यादी पुढे धरलीत, तर फुकट मिळणाऱ्या गोष्टीला नको कोण म्हणणार?

पार्ल्याच्या केंद्रात हे मी डोळ्यांनी पाहिलं. पहिल्या फेरीत मोकळेपणाने विचारलं, तेव्हा आमटी सांडण्याबद्दल एकानेही शब्द काढला नाही. मग एका सकाळी पावणेबाराला मी भरणीच्या टेबलापाशी उभी होते. एक मावशी आमटीच्या गोल डब्या बंद करत होत्या. दर तीन-चार डब्यांनंतर एखादी डबी त्या पुन्हा उघडत, झाकणातला वायसर काढत, उलटा करून बसवत आणि मग अंगठ्याचा जोर देऊन झाकण दाबत. मी एक वायसर हातात घेतला तर तो कडक होऊन चकाकत होता, दाबला तरी दबत नव्हता. गरम आमटी आणि भांड्याची पावडर यांनी रबर मेलं होतं. मालकीणबाईंची वही उघडली, तर आधीच्या तीन महिन्यांत डबा बंद केलेल्यांपैकी पाच जणांच्या नावापुढे, डबा बंद करण्याच्या आदल्याच आठवड्यात «आमटी सांडली, पिशवी खराब» असं लिहिलेलं होतं. चालू गिऱ्हाईक जे बोलत नव्हतं, ते सोडून गेलेल्यांच्या ओळींत उघडं पडलं होतं. सगळे वायसर बदलायला एका शुक्रवारच्या श्रीखंडाइतकेही पैसे लागले नाहीत.

म्हणून मी नेहमी वहीपासून सुरुवात करते. तुमच्याकडेही कोणी कधी डबा बंद केला याची नोंद असेल. बंद करण्याआधीच्या पंधरा दिवसांत त्या डब्याचं काय झालं होतं, ते प्रत्येकासमोर लिहा. आठवत नसेल तर फोन करा. गेलेला माणूस खरं सांगतो, त्याला आता तुमची भीड नसते.

मग येते प्रश्नावली. प्रत्येक गोष्टीबद्दल दोन प्रश्न विचारायचे, एक ती असली तर काय वाटेल आणि एक नसली तर काय वाटेल. दोन्हींना उत्तरं तीच पाच. इथे मराठीत एक खास अडचण येते. पहिल्यांदा आम्ही एक उत्तर «चालेल» असं ठेवलं होतं, आणि निम्म्याहून जास्त लोकांनी दोन्ही प्रश्नांना तेच निवडलं. आपल्याकडे «चालेल» म्हणजे «छान, करा» असंही होतं आणि «आता काय करणार» असंही. त्या फेरीचे कागद बाजूला ठेवावे लागले. तेव्हापासून मी ही पाच वाक्यं वापरते: «मला आवडेल», «ते तसंच असायला हवं», «मला काही फरक पडत नाही», «नाइलाजाने चालवून घेईन», «मला ते खटकेल».

प्रश्नही नेमका हवा. «डबा वेळेवर आला तर?» याला अर्थ नाही, कारण प्रत्येकाची वेळ वेगळी. «डबा १ वाजायच्या आत आला तर काय वाटेल?» आणि «डबा १ नंतर आला तर काय वाटेल?» असं विचारायचं. एका प्रश्नात दोन गोष्टी कोंबू नका. «मऊ आणि गरम पोळी» असं विचारलंत, तर उत्तर मऊपणाचं की गरमपणाचं ते कळणार नाही. एकूण सहा-सात गोष्टींच्या पुढे जाऊ नका. त्यापुढे माणूस कंटाळतो आणि सगळीकडे एकाच रकान्यात खूण करत सुटतो.

उत्तरांची जोडी अशी वाचायची. असली तर «आवडेल» आणि नसली तर «खटकेल», म्हणजे त्या माणसापुरती ती जितकं-तितकं. असली तर «आवडेल», पण नसली तर मधल्या तीनपैकी काहीही, म्हणजे अवचित. असली तर मधल्या तीनपैकी काहीही, पण नसली तर «खटकेल», म्हणजे गृहीत. दोन्हीकडे मधलीच उत्तरं असतील तर त्याला फरक पडत नाही. असली तर «खटकेल» किंवा नसली तर «आवडेल» असं आलं, तर त्याला ती गोष्ट नकोच आहे. आणि दोन्हींना «आवडेल» किंवा दोन्हींना «खटकेल» असं आलं तर बहुधा प्रश्न कळलेला नाही, ते उत्तर मोजू नका.

पार्ल्यात आम्ही ४८ जणांना विचारलं. «१ वाजायच्या आत» हे २८ जणांसाठी गृहीत निघालं, १२ जणांसाठी जितकं-तितकं, आणि उरलेले आठ इकडेतिकडे. मऊ पोळीचं उलट झालं. ती २७ जणांसाठी जितकं-तितकं होती आणि ११ जणांसाठी गृहीत. हे दोन्ही निकाल अपेक्षित होते. खरं शिकायला मिळालं ते तिसऱ्या गोष्टीतून, म्हणजे «आदल्या रात्री कळवलं तर दुसऱ्या दिवशीचा डबा रद्द आणि त्याचे पैसे वळते» या सोयीतून.

तिथे ४८ पैकी १४ जणांना ती अवचित वाटली, १४ जणांना जितकं-तितकं, १२ जणांना गृहीत, आणि ८ जणांना फरक पडत नव्हता. असा विस्कटलेला निकाल आला की बरेच जण सर्वांत मोठा आकडा बघून शिक्का मारतात. तसं करू नका. आकडे असे पसरले की समजायचं, आपण दोन वेगळ्या माणसांना एकाच पातेल्यात ढवळतोय. आम्ही कागद वेगळे केले, ऑफिसात डबा मागवणारे २६ आणि घरी डबा घेणारे ज्येष्ठ २२. मग चित्र स्वच्छ झालं. ऑफिसवाल्यांपैकी १० जणांना ही सोय गृहीत होती आणि ११ जणांना जितकं-तितकं, म्हणजे ती नसेल तर २६ पैकी २१ जण नाराज होणार. त्यांना आठवड्यात दोन दिवस घरून काम, मध्येच मीटिंगचं जेवण, त्यामुळे न खाल्लेल्या डब्याचे पैसे भरणं त्यांना डाचत होतं. ज्येष्ठांमध्ये १० जणांना ती अवचित वाटली, आणि ती नसल्याने नाराज होणारे होते फक्त ५. आजी-आजोबा रोज घरीच असतात, मुलीकडे दोन दिवस गेले आणि पैसे वाचले तर तेवढाच आनंद.

मी प्रत्येक गोष्टीसमोर हे दोनच आकडे मांडते. ती दिली तर किती जण सुखावतील, म्हणजे अवचित अधिक जितकं-तितकं. आणि नाही दिली तर किती जण नाराज होतील, म्हणजे गृहीत अधिक जितकं-तितकं. या सोयीचा सुखावणाऱ्यांचा आकडा दोन्ही गटांत जवळपास सारखा होता, २६ पैकी १५ आणि २२ पैकी १३. पण नाराजीचा आकडा एकीकडे २६ पैकी २१ आणि दुसरीकडे २२ पैकी ५. एकाच आकड्यावर गेलो असतो तर हे दिसलंच नसतं. इतक्या थोड्या माणसांत एक-दोनाच्या फरकाला मी अर्थ देत नाही. एवढी मोठी दरी असेल तरच बोलते.

आता तुमच्या तीन पर्यायांकडे येते.

जास्तीचा मुलगा ठेवायचा का, हे आज डबे किती वाजता पोचतात यावर आहे. गृहीत गोष्टीचा नियम असा की उंबरठ्यापर्यंत पोचायचंच, पण उंबरठ्यापलीकडे खर्च करायचा नाही. पार्ल्याच्या मालकीणबाईंनी आम्हाला विचारायच्या आधीच एक मुलगा वाढवला होता, आणि डबे पाऊणऐवजी सव्वाबाराला पोचू लागले होते. एकाही गिऱ्हाइकाने त्याचं कौतुक केलं नाही. उलट, लवकर निघायचं म्हणून पोळ्या अर्धा तास आधी लाटल्या जाऊ लागल्या. गरम थप्पी तशीच डब्यात गेली तर वाफ धरून खालच्या पोळ्या चिकट होत, आणि वाफ जिरायला पसरून ठेवल्या तर खायच्या वेळेपर्यंत वातड. म्हणजे ज्यात आणखी सुधारून कुणी खूश होणार नव्हतं, तिच्यासाठी त्यांनी अशी गोष्ट बिघडवली जिच्यातल्या प्रत्येक पावलाचा फरक २७ जणांना कळत होता. शेवटी निघायची वेळ पुन्हा पहिल्यासारखी केली, वाढीव मुलाला पोळ्यांच्या तव्यावर मदतीला घेतलं, आणि «पोळी कडक» या तक्रारी वहीतून कमी झाल्या.

म्हणून तुम्ही आधी दहा दिवस प्रत्येक डबा किती वाजता हातात पडला ते लिहा. महिन्यात दोन-तीनदाच उशीर होत असेल, तर मुलगा ठेवायची गरज नाही, त्या दोन-तीन दिवसांचं कारण शोधा. रोज पंधरा-वीस डबे १ नंतर पोचत असतील, तर मात्र गोड आणि स्टील दोन्ही विसरा, आधी मुलगा ठेवा. गृहीत गोष्ट तुटलेली असताना दिलेलं गोड कुणाच्या जिभेला लागत नाही.

मुंबईत पावसाळ्याचं वेगळं विचारा. «लोकल बंद असलेल्या दिवशी डबा १ नंतर आला तर?» असा स्वतंत्र प्रश्न टाकला, तेव्हा पार्ल्यात बहुतेकांनी «नाइलाजाने चालवून घेईन» निवडलं. पण «त्या दिवशी उशीर होणार हे कुणी कळवलंच नाही तर?» याला बहुतेकांचं «खटकेल» आलं. जुलैच्या त्या दिवसांत गृहीत गोष्ट डबा वेळेवर येणं ही नव्हती, ११ वाजता आलेला एक मेसेज ही होती. त्याला खर्च काहीच नाही, फक्त मेसेज कोण टाकणार ते ठरवावं लागतं.

स्टीलच्या गरम डब्यांबद्दल मी सावध राहीन. आमच्याकडे ४८ पैकी २७ जणांना फरक पडत नव्हता, कारण ऑफिसात मायक्रोवेव्ह आणि घरी गॅस. आणि तीन ज्येष्ठांना ते डबे चक्क नको होते. कारण विचारलं तर एका आजींनी नमुन्याचा डबा माझ्याच हातात दिला आणि म्हणाल्या, «उघडून दाखव बघू.» आत वाफ धरल्यामुळे झाकण इतकं घट्ट बसलं होतं की मलाच दोनदा जोर करावा लागला. प्रश्नावलीतल्या त्या तीन उलट्या खुणांकडे मी दुर्लक्ष केलं असतं, तर संधिवाताचे हात कधी ध्यानात आले नसते. शिवाय हिशोब नीट करा. एक संच गिऱ्हाइकाकडे आणि एक तुमच्याकडे धुवायला, म्हणजे सव्वाशे नाही, अडीचशे डबे लागतील. तुमचे गिऱ्हाईक बांधकामाच्या जागेवर किंवा दुकानात असतील, जिथे गरम करायची सोय नाही, तर मात्र निकाल अगदी वेगळा येऊ शकतो. तो विचारल्याशिवाय मी सांगू शकत नाही.

शुक्रवारचं गोड हे सुरुवातीला अवचित असतं यात शंका नाही. पण दर शुक्रवारी, ठरवून, सांगून दिलंत तर ते किती दिवस अवचित राहील? टीव्हीच्या रिमोटचं हेच झालं. आधी नवल, मग चांगला-वाईट अशी तुलना, आणि आता रिमोटशिवाय टीव्ही ही कल्पनाच करवत नाही. डब्यात हे फार लवकर होतं. तीन महिन्यांनी शुक्रवारी गोड नसेल तर फोन येईल, आणि तोवर तो खर्च तुमच्या दरात कायमचा बसलेला असेल. मी त्याऐवजी वार बांधून घेणार नाही. गुढीपाडव्याला श्रीखंडाची वाटी, आषाढी एकादशीला उपासाचा डबा विचारून, एखाद्या गिऱ्हाइकाच्या वाढदिवसाला दोन चमचे शिरा. यांतला उपासाचा डबा मात्र जपून. काही घरांत तो अवचित नसतो, गृहीत असतो, आणि त्यात चुकून कांदा गेला तर ते गिऱ्हाईक परत येत नाही.

करायचा क्रम असा ठेवा. सर्वांत आधी वहीतून बंद झालेले डबे बघा आणि दहा दिवसांच्या वेळा लिहा. त्यानंतर सहा गोष्टींची प्रश्नावली, ऑफिसवाले आणि घरचे वेगळे, प्रत्येक गटातले निदान वीस जण. कागद तुम्ही स्वतः देऊ नका. डबा देणाऱ्या ताईसमोर कुणी «खटकेल» लिहीत नाही, म्हणून भाचीला किंवा शेजारच्या कॉलेजच्या मुलीला पाठवा आणि कागदावर नाव घेऊ नका, फक्त ऑफिस की घर तेवढं. ज्या गृहीत गोष्टी आज तुटलेल्या आहेत त्यांना लागतील तितके पैसे आधी. मग जितकं-तितकं मधली एकच गोष्ट निवडा, जिच्यात नाराजीचा आकडाही मोठा आहे आणि तुमच्या स्वयंपाकघराला खरोखर सुधारता येईल अशी. माझा अंदाज पोळीवर आहे, पण तो पार्ल्याचा अंदाज आहे.

८० हजार एकदम संपवू नका. निम्मे ठेवा आणि दिवाळीनंतर, सुट्ट्या संपून डबे पूर्ववत झाले की, त्याच गटांना त्याच सहा गोष्टी त्याच शब्दांत पुन्हा विचारा. तोवर काय सरकलं ते बघून उरलेले पैसे कुठे घालायचे ते ठरवा. पहिल्या फेरीची उत्तरं आली की कुठल्या गोष्टीचे आकडे विस्कटलेत तेवढं इथे लिहा, गट कसे पाडायचे ते आपण बघू.